घटोत्कचाचं पहिलं पाऊल

(गावातल्या व्याख्यानमालेतील एका भाषणाचं शब्दांकन, थोडं संपादित करून)

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो,

विषय पत्रिकेत छापलाय, ‘माणूस जास्तीत जास्त किती उंच होऊ शकतो?’ छापताना खाली ‘अस्थिरोगतज्ज्ञ’च्या आधी ‘निवृत्त’ लिहायचं राहिलंय. त्यामुळे सकाळपासून तीन गुडघे आणि एक खांदा घरी तपासून झाला. इथेही पहिल्या दोन रांगांत मला ओळखीचे गुडघे दिसतायत. भाषण संपल्यावर बघू, आत्ता नको.

उत्तर मी शेवटी देणार आहे. आधी दिलं तर मागच्या रांगा चहाला जातील.

वर्ग-घन नियम तुम्ही शाळेत शिकलात, फक्त त्या नावानं नाही. गच्चीवरची पाण्याची टाकी घ्या. तिच्याच आकाराची, पण लांबी, रुंदी, उंची सगळं दुप्पट अशी दुसरी टाकी करून आणा. पत्रा लागेल चौपट आणि पाणी मावेल आठपट. पत्रा वर्गानं वाढतो, पाणी घनानं. आता टाकीखाली चार पाय आहेत. तेही दुप्पट जाड केले, तर त्यांचा छेद चौपट झाला. चौपट छेदावर आठपट ओझं, म्हणजे पायाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दुप्पट भार. माणूस म्हणजे दोन पायांवर उभी असलेली टाकीच आहे, आणि वर ती चालतेही. हे ‘चालते’ लक्षात ठेवा, माझं सगळं भाषण त्या एका शब्दावर आहे.

हा विषय माझ्या डोक्यात का बसला ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही कुटुंबासह श्रवणबेळगोळला गेलो होतो. बरोबर आमचे साडूभाऊ. साडूभाऊ म्हणजे सज्जन माणूस, बँकेत आयुष्य गेलं, हिशेबाला पक्का. पण निवृत्तीनंतर हातात मोबाईल आला. हासन ओलांडलं आणि त्यांनी गाडीत फोन फिरवायला सुरुवात केली. फोटो तुम्हीही पाहिला असेल, कारण तो वीस वर्षं फिरतोय. खड्ड्यात एक अवाढव्य मानवी सांगाडा, त्याच्या कवटीशेजारी खोदणारा माणूस खेळण्यातल्या बाहुल्यासारखा. खाली मजकूर: ‘घटोत्कचाचा सांगाडा सापडला, सरकारनं बातमी दाबली.’ सरकार रस्त्यावरचा खड्डा दाबू शकत नाही, एवढा मोठा खड्डा कसा दाबेल, असं मी म्हणालो. कोणी हसलं नाही. तुम्ही हसलात, आभारी आहे.

मी म्हटलं, साडूभाऊ, हा फोटो २००२ साली एका स्पर्धेसाठी संगणकावर जोडून केलेला आहे. मूळ फोटो न्यूयॉर्क राज्यातल्या हाईड पार्क गावच्या खोदकामाचा, तिथे मास्टोडॉन नावाच्या हत्तीच्या नातेवाईकाची हाडं निघत होती. त्यात कोणीतरी माणसाचा सांगाडा मोठा करून बसवला. साडूभाऊ म्हणाले, ‘हे तुम्हाला कोणी सांगितलं?’ म्हटलं, वाचलं. ‘मग मीही वाचलंच आहे.’ आता यावर काय बोलणार! दोघांचंही वाचलेलंच. तेव्हा मी ठरवलं, या माणसाला बातमीनं नाही, हाडानं हरवायचं.

विंध्यगिरीला सहाशेच्या वर पायऱ्या, त्याही अनवाणी. वर गेलो. समोर गोमटेश्वर, ५७ फूट, डोंगराच्या माथ्याचाच ग्रॅनाइट कोरून काढलेला. पायाशी ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’. ही ओळ आपण शाळेत पाठ केली ती मराठीच्या पेपरात दोन मार्क मिळावेत म्हणून. प्रत्यक्ष दिसली तेव्हा, खरं सांगतो, मला कंठ दाटून आला आणि साडूभाऊंना दम लागला. जरा शांत झाल्यावर ते म्हणाले, ‘बघा, हे उभे आहेतच ना? मग घटोत्कच का नाही उभा राहणार?’

प्रश्न मूर्ख नव्हता. मला त्या दिवशी उत्तर नीट देता आलं नाही, हे कबूल करतो. घरी येऊन वही काढली. आज जे सांगतोय ते त्या वहीतलं.

आता गंमत अशी की हाच प्रश्न गॅलिलिओनं विचारलेला आहे. त्याचं शेवटचं पुस्तक १६३८ मध्ये हॉलंडमधल्या लायडनला छापून आलं. रोमच्या धर्मपीठानं त्याच्या छपाईवर बंदी घातली होती, म्हणून तिथे. आणि छापलं तोवर म्हाताऱ्याची नजर गेलेली. त्यात तो म्हणतो की राक्षसाला माणसाचंच प्रमाण ठेवायचं असेल तर त्याची हाडं अधिक कठीण पदार्थाची हवीत. पदार्थ तोच ठेवायचा तर हाडं प्रमाणाबाहेर जाड करावी लागतील. दोन्ही नको असेल तर त्यानं दुबळं राहायचं कबूल करावं. त्यानं आणखी एक गोष्ट लिहिलीय, ती मला फार आवडते. लहानसं कुत्रं आपल्याएवढी दोन-तीन कुत्री पाठीवर वाहून नेऊ शकेल, पण घोड्याला आपल्याएवढा एक घोडाही पेलायचा नाही.

हा धागा धरून फोटोतला सांगाडा तपासा. तुमच्या-माझ्या मांडीचं हाड ४५ सेंटिमीटर लांब आणि मधे साधारण २.७ सेंटिमीटर जाड असतं, म्हणजे लांबी जाडीच्या १७ पट. घटोत्कच आपल्या दहापट धरा, गोमटेश्वराएवढाच. हाड साडेचार मीटर लांब. वजन हजारपट, तेव्हा चौरस सेंटिमीटरवरचा भार आपल्याइतकाच राहायचा तर छेदही हजारपट हवा. छेद हजारपट म्हणजे जाडी सुमारे ३२ पट, म्हणजे ८५ सेंटिमीटर. साडेचार मीटर लांब आणि ८५ सेंटिमीटर जाड! ते हाड नव्हे, रस्त्याखाली घालायचा सिमेंटचा पाइप. फोटोत काय आहे? बारीक, सुबक, अगदी माणसासारखं हाड. तो सांगाडा खोटा आहे तो मोठा आहे म्हणून नाही, तर मोठा असूनही माणसासारखा दिसतो म्हणून. हत्तीचं हाड आणि हरणाचं हाड एकाच मापाला आणून शेजारी ठेवा, कुठलं कुणाचं हे लहान मूल सांगेल.

इथे बहुतेक लेख संपतात. ‘राक्षसाची हाडं मोडतील, इति सिद्धम्.’ मला मात्र चाळीस वर्षं मोडलेली हाडं जुळवण्याची सवय. मी म्हटलं, कधी मोडतील? उभं राहिल्यावर, की कशानं? आणि इथे साडूभाऊंच्या बाजूनं काही निघतं, हे त्यांच्या समोर सांगायला मला आवडत नाही. ते तिसऱ्या रांगेत आहेत.

मांडीच्या हाडाच्या मधल्या भागात कठीण हाडाचा छेद साडेतीन चौरस सेंटिमीटर धरा. दाबाखाली हे हाड चौरस सेंटिमीटरला साधारण १७०० किलो सोसतं. चांगला ग्रॅनाइटही याच घरात येतो. म्हणजे दाब सोसण्यात तुमची मांडी आणि गोमटेश्वराची मांडी एका तोलाच्या! ६५ किलोचा माणूस दोन पायांवर सरळ उभा असेल तर एका चौरस सेंटिमीटरवर जेमतेम नऊ किलो येतात. आता सगळं दहापट करा. वजन ६५ टन, आणि भार चौरस सेंटिमीटरला ९३ किलो. सोसण्याची ताकद १७००. घटोत्कच उभा राहील हो! हाडापुरतं बोलायचं तर निवांत उभा राहील, तंबाखू मळत.

पण त्यानं एक पाय उचलला की खेळ बदलतो. एका पायावर उभं राहिलं की शरीराचा तोल दुसऱ्या बाजूला कलतो. तो सावरायला खुब्याच्या बाजूचे स्नायू कमरेच्या हाडाला खाली ओढून धरतात. तराजूच्या दांडीसारखं आहे, एका बाजूला अख्खं अंग आणि दुसऱ्या, आखूड बाजूला हे बिचारे स्नायू. म्हणून खुब्यावर येणारा जोर वजनाएवढा नसतो, जवळजवळ तिप्पट असतो. आपल्याला चालतं, कारण तिप्पट धरूनही आपण हाडाच्या ताकदीच्या तिसाव्या हिश्शात असतो. घटोत्कच या एका पावलात एक-तृतीयांशावर येतो. आणि हे फक्त सरळ दाबाचं. मांडीचं हाड सरळ खांब नाही, त्याची मान तिरपी असते, त्यामुळे जोर आला की ते वाकतं. वाकलं की एका बाजूला दाब आणि दुसऱ्या बाजूला ताण, आणि हा ताण साध्या दाबापेक्षा कितीतरी मोठा. आपणसुद्धा धावताना, ठेचकाळताना वरची सगळी शिल्लक खर्च करून टाकतो, हाडाची ताकद भाराच्या दोन ते चारपटच उरते. घटोत्कचाकडे खर्चायला काही उरतच नाही. त्याचं पहिलं पाऊल हेच शेवटचं.

आणि पडला तर? महाभारतात घटोत्कच मरताना कौरवांच्या सैन्यावर पडतो आणि एक अक्षौहिणी चिरडतो. व्यासांना घन कळत होता असं मला त्यातून वाटतं. दहापट उंचीवरून पडायचं म्हणजे शरीराच्या प्रत्येक किलोला दहापट ऊर्जेचा दणका. सैन्याचं काय झालं ते ठीक, पण त्याचं स्वतःचं एकही हाड शाबूत राहिलं नसेल.

गोमटेश्वर उभे आहेत, कारण ते चालत नाहीत. ग्रॅनाइट दाबाला हाडासारखाच, पण ताणाला अगदीच कच्चा. म्हणून त्या शिल्पकाराची अक्कल बघा. पायांभोवती वारुळं कोरली, पायांवर आणि हातांवर वेली चढवल्या. कथेत ते तपश्चर्येचं चिन्ह, पण घोट्याला, म्हणजे जिथे माणूस सगळ्यांत बारीक असतो तिथे, दगडाचा केवढा आधार मिळाला! मांडीच्या वर मूर्ती मोकळी आहे. हाडाच्या डॉक्टरनं यापेक्षा चांगलं प्लास्टर घातलेलं मी पाहिलेलं नाही.

किती वाजले? पंचवीस मिनिटं गेली? अहो, अजून माणूस आलाच नाही, राक्षसच चाललाय.

तर माणूस. रॉबर्ट वॉडलो. जन्म २२ फेब्रुवारी १९१८, अमेरिकेत इलिनॉयमधल्या ऑल्टन गावी. जन्मताना वजन ३.८ किलो, म्हणजे काही विशेष नाही. मग मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, तिची वाढ झाली आणि वाढीचा संप्रेरक अखंड पाझरत राहिला. पोरगा वाढत गेला तो मरेपर्यंत थांबला नाही. शेवटची उंची २७२ सेंटिमीटर, ८ फूट ११ इंच. खात्रीनं मोजलेल्या माणसांत त्याच्यापेक्षा उंच कोणी झालेला नाही.

त्याचा हिशेब करू, कारण तो सोयीचा आहे. १७० सेंटिमीटरच्या माणसाच्या तो बरोबर १.६ पट. वर्ग २.५६, घन ४.१. आपला ६५ किलोचा माणूस प्रमाणशीर वाढवला तर २६६ किलो व्हायला हवा. वॉडलोचं वजन मृत्यूच्या वेळी होतं १९९. म्हणजे उलट बाजूनं, त्याला १७० सेंटिमीटरला आणून ठेवला तर तो ४८-४९ किलोचा निघतो. काडीपैलवान! फोटोत भारदस्त दिसतो, पण मुळात तो अगदी हडकुळा होता. इथे एक जाता जाता सांगतो, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांना डॉक्टर बीएमआय काढून घाबरवतात. त्यात वजनाला उंचीच्या वर्गानं भागतात. वजन वाढतं घनानं, भागतात वर्गानं, म्हणून उंच माणूस उगाच जाडा ठरतो. वॉडलोचा बीएमआय येतो जवळजवळ २७. तक्ता त्याला म्हणेल, ‘भात कमी करा.’

आता त्याच्या हाडांवरचा भार. १९९ भागिले २.५६, म्हणजे ७८. वॉडलोच्या हाडांना वाटत होतं की आपण ७८ किलोचा एक साधा माणूस उचलून चाललोय. या सभागृहात ७८ किलोच्या वरचे हात वर करा म्हटलं तर... नको, सौभाग्यवती बघतायत. सांगायचं इतकंच की वॉडलोची हाडं मोडायचं काही कारण नव्हतं. वर्ग-घन नियमानं त्याला फक्त वीस टक्क्यांचा दंड लावला होता.

तरीही हा मुलगा वयाच्या २२ व्या वर्षी गेला. आणि कशानं गेला? फोडानं.

त्याचे घोटे दुबळे होते, म्हणून पायांना लोखंडी पट्ट्यांचे आधार बांधत. पाऊल ४७ सेंटिमीटरचं. आपलं २६ चं पाऊल १.६ पटीनं वाढवलं तर ४२ सुद्धा होत नाही, म्हणजे पाऊल उंचीच्याही पुढे गेलेलं. संप्रेरक जास्त झाला की हातापायांचे पंजे असे वाढतात. एक बुटांची कंपनी त्याला बूट फुकट द्यायची आणि तो त्यांच्यासाठी गावोगाव फिरायचा. ४ जुलै १९४० ला मिशिगनमधल्या मॅनिस्टी गावी समारंभाला गेला होता. नीट न बसलेल्या आधारानं घोट्याला घासून फोड आला. त्याला तो कळला नाही, कारण पावलांची संवेदना कमी झालेली. फोड चिघळला, जंतू रक्तात गेले. रक्त दिलं, शस्त्रक्रिया केली. पेनिसिलिन अजून दवाखान्यात पोचलं नव्हतं. १५ जुलैच्या पहाटे झोपेत गेला. शवपेटी खांद्यावर घ्यायला बारा माणसं आणि हाताखाली आणखी आठ.

माझं म्हणणं आता एका वाक्यात सांगता येईल. उंच माणसाचं हाड शेवटी मोडतं, त्याच्या आधी बाकी सगळं मोडतं. पाऊल का बधिर झालं ते बघा. पायाच्या अंगठ्याला जाणारी जी नस आहे तिच्या पेशीचा मुख्य भाग कमरेशी असतो आणि तिचा एकच सलग तंतू अंगठ्यापर्यंत जातो. आपल्यात तो मीटरभर. तंतूच्या डागडुजीचा सगळा माल कमरेपासून खाली जायचा, आणि त्यातला सर्वांत संथ माल दिवसाला एखादा मिलिमीटर सरकतो. मीटरभराला जवळजवळ तीन वर्षं! आपल्या एसटीला आपण नावं ठेवतो. म्हणूनच मधुमेहात आधी पावलं बधिर होतात, मांडी नाही. सर्वांत लांबची नस आधी मान टाकते. वॉडलोचा तंतू दीड मीटरच्या पुढे. त्यात वाढीच्या संप्रेरकाचा अतिरेक नसांना वेगळाच त्रास देतो. दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या, कशाचा वाटा किती ते सुटं करता येत नाही.

चिठ्ठी आलीय. ‘दहा मिनिटे.’ दहा कसली, आता हारतुऱ्यांतली पाच तुम्ही धरली असणार. बरं, मग वचन दिलेलं उत्तर घाईत.

रक्त. एक सेंटिमीटर रक्ताचा स्तंभ म्हणजे पाऱ्याचा पाऊण मिलिमीटर दाब. हे वर्गानंही नाही आणि घनानंही नाही, सरळ उंचीच्या प्रमाणात वाढतं, म्हणून सगळे विसरतात. हृदयापासून मेंदू तीस सेंटिमीटर वर, तिथे रक्त चढवायला तेवीस मिलिमीटर खर्च होतात. वॉडलोला ३७. चालून जातं. खालची बाजू वाईट. आपण नुसतं उभं राहिलो तर घोट्याच्या शिरेत ९० मिलिमीटर दाब असतो, वॉडलोला तो १४५ च्या आसपास. पोटरीचे स्नायू चालताना पिळून रक्त वर ढकलतात, पण जो अडखळत, काठी घेऊन चालतो त्याची ती पिळणीही अर्धीच. घोट्याला सूज, सुजलेल्या कातडीत रक्तपुरवठा कमी, जखम भरत नाही. झाला ना फोडाचा बंदोबस्त! जिराफानं यासाठी काय काय करून ठेवलंय: आपल्या दुपटीहून जास्त रक्तदाब, हृदयाची जाड भिंत, आणि पायांची कातडी मोज्यासारखी आवळलेली. आपण यातलं काहीच केलेलं नाही.

सांधे. पायऱ्या उतरताना गुडघ्यावर वजनाच्या तिपटीहून जास्त जोर येतो. हाड स्वतःला जाड करून घेतं, पण सांध्यावरच्या गुळगुळीत कूर्चेला ती सोय नाही. ती झिजली की झिजली. विंध्यगिरी उतरताना साडूभाऊंनी हा मुद्दा मोठ्यांदा मांडला होता.

आता आकडा. तीनपट उंच, म्हणजे ५ मीटर १० चा माणूस घ्या. वजन १७५५ किलो. हाडांची धावतानाची दोन-चारपटीची शिल्लक तिप्पट भारानं खाऊन टाकली, तेव्हा धावणं बंद, ठेच म्हणजे ऑपरेशन. घोट्याच्या शिरेत २७० मिलिमीटर. मेंदूत रक्त चढवायला ७० खर्च, म्हणजे रक्तदाब कायम इतका की हृदयच आधी थकेल. तो वाचवायचा तर पाय खांबासारखे हवेत, गुडघे सरळ, मान आखूड, उडी नाही. ते वर्णन हत्तीचं झालं, माणसाचं नाही.

दुप्पट? ३४० सेंटिमीटर? हाड परवानगी देईल. नस, शीर आणि कूर्चा देणार नाहीत. म्हणून माझं उत्तर, मागच्या रांगेनं लिहून घ्यावं: माणसाचाच आकार ठेवून, आपल्या पायानं चालत, नऊ फुटांच्या आसपास. वॉडलो त्या रेषेवर उभा होता, आणि काठी घेऊन. आजच्या हयात माणसांत सर्वांत उंच तुर्कस्तानचे सुलतान कोसेन, २५१ सेंटिमीटर. तेही कुबड्या घेऊन चालतात. २०१० मध्ये व्हर्जिनियात त्यांच्या ग्रंथीवर किरणोपचार झाले आणि वाढ थांबली. आता असा आजार लवकर ओळखून औषधानं किंवा नाकातून शस्त्रक्रिया करून आवरता येतो, त्यामुळे वॉडलोचा विक्रम मोडणं अवघड आहे.

दुसरी चिठ्ठी. यात लिहिलंय, ‘एक प्रश्न, तिसरी रांग.’ विचारा साडूभाऊ.

... प्रश्न असा आहे की घटोत्कच मायावी होता, त्याला नियम कशाला?

बरोबर आहे. पण मग सांगाडाही मायावीच निघायला हवा होता. चला, चहा.